दहा गुणांचं पत्र

ती. आई आणि ती. बाबा,


रविवारी आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं. आईला रडू आलं, बाबा उठून गॅलरीत गेले आणि मी बस पकडली. फोनवर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते आहे. तुम्ही दोघांनी जे जे विचारलंत ते जसंच्या तसं मांडते आणि प्रत्येकाखाली माझं म्हणणं लिहिते. बाबा, वाचताना पंचांग जवळ ठेवा, म्हणजे मी कुठे चुकले तर लगेच सापडेल.

‘छत्तीसपैकी दहा! निदान अठरा तरी हवेत. कुणाला सांगायचं झालं तर तोंड कसं दाखवायचं?’ हा तुमचा पहिला प्रश्न.

हे दहा कुठून आले, ते मी नीट बसून पाहिलं. माझं हस्त नक्षत्र, रास कन्या. मला ज्याच्याशी लग्न करायचंय त्याचं अश्विनी, रास मेष. दोघांचीही नाडी आद्य, म्हणून नाडीचे आठ गेले. कन्या आणि मेष एकमेकींपासून सहाव्या-आठव्या, म्हणजे षडाष्टक, तेही गुरुजींच्या भाषेत मृत्युषडाष्टक. राशिकूटाचे सात गेले. हस्ताची योनी महिष, अश्विनीची अश्व. या दोघांचं महावैर मानतात, म्हणून योनीचे चार गेले. बुध आणि मंगळाचं फारसं पटत नाही, तिथे पाचांतला अर्धा हाती आला. वर्णाचा एक, वश्याचा एक, तारेचा दीड. दोघंही देवगणी, म्हणून गणाचे सहाच्या सहा मिळाले. बेरीज दहा. गुरुजींचं गणित चोख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण बाबा, या आठही कूटांत विचारलंय काय, तर जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता एवढंच. लग्न नाही, सप्तमस्थान नाही, मंगळसुद्धा नाही. तो वेगळा बघतात. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे त्या दिवसात जन्मलेल्या प्रत्येक मुलाशी माझे दहाच गुण जुळणार, मग तो दारुडा असो नाहीतर देवमाणूस. हे दहा गुण त्याचे नाहीत, त्या दिवसाचे आहेत.

‘शास्त्र आहे ते. इतक्या पिढ्यांनी पाहिलं, ते उगाच?’

यावर मी लगेच काही बोलले नाही, कारण पिढ्यांचा अनुभव हा शब्द मला हलका वाटत नाही. तुम्ही शेतात पेरणी कधी करायची ते आजोबांच्या अनुभवावरच ठरवता आणि ते बरोबर येतं. मग मी त्याच्या आईला विचारलं की तुमच्याकडे किती गुण आले. त्या म्हणाल्या, वीसच्या आसपास, आमच्या भटजींनी होकार दिला. मला वाटलं, त्या माझं मन राखताहेत. तसं नव्हतं. त्यांचं घर रत्नागिरीकडचं, त्यांच्याकडे टिळक पंचांग चालतं. आपल्याकडे दाते. दोन्ही पंचांगं राशिचक्राचा आरंभ वेगवेगळ्या जागी धरतात आणि त्यांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. माझा जन्म हस्ताच्या पहिल्या चरणातला, तेव्हा चार अंश पुढे सरकूनही मी हस्तातच राहते. तो मात्र अश्विनीच्या शेवटच्या चरणातला. चार अंशांनी तो भरणीत जातो. भरणीची नाडी मध्य, म्हणून नाडीचे आठ परत येतात. योनी गज होते आणि घोडा-म्हशीचं वैरही संपतं. षडाष्टक तेवढं राहतं.

लोकमान्यांना पटलेलं पंचांग खोटं आणि आपलं खरं, किंवा याच्या उलट, असं मला म्हणायचं नाही. ते ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांनी अनुभव घेतला म्हणायचं, तर कोणत्या नक्षत्रावर घेतला? रत्नागिरीच्या पिढ्यांनी ज्याला भरणी म्हणून जोडलं आणि ज्याचा संसार झाला, तोच आपल्याकडे अश्विनी म्हणून नाकारला गेला असता. दोन्हीकडची माणसं आपापल्या कोष्टकाला अनुभवाचा आधार आहे असंच सांगतात. पेरणी चुकली तर त्याच हंगामात कळतं आणि पुढच्या वर्षी ती सुधारता येते. इथे मात्र नाकारलेलं लग्न झालंच नाही, मग ते कसं निभावलं असतं हे कळणार कसं?

‘गुरुजींनी मार्ग सांगितलाय ना? नावावरून बघू. सगळेच करतात.’

आई, हे तू म्हणालीस, आणि तुझ्या आवाजात सुटका होती. म्हणून यावर सगळ्यात सावकाश विचार केला. माझं नाव तुम्ही पत्रिकेतल्या ‘पू’ अक्षरावरून ठेवलंत, त्यामुळे नावानंही मी हस्तच. त्याचं नाव ‘नि’वरून, म्हणजे अनुराधा, रास वृश्चिक. नाडी मध्य होते, षडाष्टकाच्या जागी तिसरी-अकरावी रास येते, गण देवच राहतो. गुण सव्वीसच्या घरात जातात. काकांना सांगता येईल, आत्याला सांगता येईल, हॉल बुक करता येईल.

मला ते नको आहे. गुरुजींना मी लबाड म्हणत नाही. नावराशीची रीत जुनी आहे आणि ज्यांची जन्मवेळ माहीत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. आमच्या दोघांच्या वेळा मात्र माहीत आहेत. ज्याला तुम्ही मनातून मृत्युषडाष्टक मानता, त्याच्यावर सव्वीसचा कागद ठेवून आपण अक्षता टाकल्या, तर भीती कुठे जाईल? ती तुझ्याजवळच राहील, आई. तो कधी रात्री उशिरा घरी आला, मला कधी ताप आला, की तुला दहा आठवतील आणि बोलताही येणार नाही, कारण सगळ्यांना सव्वीस सांगितलेले असतील. तू वीस वर्षं एकटीनं ते पोटात ठेवशील. त्यापेक्षा दहा आहेत हे सगळ्यांना माहीत असू दे.

शांतीचं म्हणाल, तर ती तुमच्या मनासाठी करायची असेल तर मी पाटावर बसेन. ती केली म्हणून दोष गेला, असं मात्र मला म्हणायला लावू नका.

‘नाडी म्हणजे रक्त. एक नाडीला मुलं धड होत नाहीत.’ बाबा, हे तुम्ही हळू आवाजात म्हणालात, आई आत गेल्यावर.

सत्तावीस नक्षत्रांतली नऊ-नऊ एकेका नाडीत आहेत. कुठलीही दोन माणसं घ्या, ती एक नाडीची निघण्याची शक्यता तीनात एक. ज्यांनी पत्रिका न बघता लग्नं केली त्यांच्यातली सुमारे एक तृतीयांश जोडपी एक नाडीची असणार, आणि त्यांच्या घरी मुलं आहेत. पण तुमची काळजी मुलांची आहे, नाडीची नाही, हे मला कळतं. ती काळजी मलाही आहे. म्हणून आम्ही दोघांनी रक्त तपासलं, आणि त्यातून जे निघालं ते लपवायचं नाही, असं ठरवलं आहे.

तो थॅलेसेमियाचा वाहक आहे. त्याला आजार नाही, नुसता वाहक. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आहे. दोघंही वाहक असतो, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता, की बाळाला जन्मभर बाहेरचं रक्त चढवावं लागेल. माझा ए-टू पहिल्या खेपेला कमी आला. पण माझं लोहही कमी होतं, आणि लोह कमी असलं की ए-टू कधीकधी खोटा खाली दिसतो. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन लोह भरून येईपर्यंत थांबायला सांगितलं आणि पुन्हा तपासलं. तोही नेहमीच्या मर्यादेत आहे. मी वाहक नाही. आमच्या मुलांपैकी एखादं त्याच्यासारखं वाहक निघू शकेल. तो मोठा आजार मात्र व्हायचा नाही. दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

हे सांगताना माझा हात अडखळला. हा कागद तुम्ही त्याच्या विरुद्ध वापराल अशी भीती वाटली. तरी पाठवते, कारण नाडीतून जे विचारायचं होतं त्याचं खरं उत्तर इथे आहे. आणि मीही वाहक निघाले असते तर मी काय केलं असतं? नक्की सांगता येत नाही. आम्ही दोघांनी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. गर्भाची तपासणी होते, दत्तकही घेता येतं, आणि थांबणंही शक्य होतं. तिथे ‘नाही’ म्हणण्यालाही अर्थ असता, कारण कशाला नाही म्हणतोय ते समोर दिसत होतं.

‘पण समज, कोष्टकात काही तथ्य असलंच, तर? दुसरं स्थळ बघण्यात आपलं जातं काय?’

बाबा, तुमचा हा प्रश्न सगळ्यात खरा आहे. तुम्ही कोष्टकावर श्रद्धा ठेवा म्हणत नाही, सावध राहा म्हणता. यातून जातो तो माणूस. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं माझ्या वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर रात्री काढल्या, आणि तुम्ही आलात तेव्हा ओळख न देता उठून तुम्हाला जागा दिली. माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे हे तो चारचौघांत सहज सांगतो. चिडला की अर्धा दिवस गप्प बसतो, हेही मला माहीत आहे, आणि त्यावरून आमची भांडणंही होतात. हे सगळं सावधपणाच्या पारड्यात कुठेच धरलं जात नाही.

आणि दोन वर्षांपूर्वीचं ते स्थळ आठवा. अठ्ठावीस गुण होते. बैठकीत त्यांनी फ्लॅटच्या हप्त्यांची गोष्ट काढली तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, ‘आमची मुलगी आहे, बँक नाही.’ तेव्हा अठ्ठावीस गुणांनी तुम्हाला अडवलं नाही. तुम्ही माणसं पाहिलीत आणि निर्णय घेतलात. तेच डोळे घेऊन याच्याकडे एकदा बघा, एवढं मी मागते आहे.

तुम्ही नाहीच म्हणालात तर काय, हे आईनं जाताना विचारलं होतं. लग्न मी करणार आहे. पण तुम्हाला न सांगता नोटीस देणार नाही, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत थांबेन. तोवर जितक्या वेळा विचाराल तितक्या वेळा बोलायला येईन.

त्याचे आई-वडील येत्या शनिवारी येऊ का म्हणून विचारताहेत. त्याच्या तपासणीचं मी तुम्हाला कळवणार आहे, हे त्यांना माहीत आहे. त्यांना जे विचारायचं ते मोकळेपणानं विचारा. बाबा, त्याचे वडीलही टिळक पंचांग घेऊन येतो म्हणताहेत.

तुमची मुलगी