परसातली डिसेंबरची रेघ

मागच्या परसाचा फोटो पाहून भाजीच्या वाफ्यांचा आराखडा काढून देणे सोपे वाटते. जागा दिसते, भिंत दिसते, शेजारचे झाड दिसते, ऊन कुठे आहे तेही दिसते. पण त्या फोटोतले ऊन एका दिवसाचे आणि एका घटकेचे असते, आणि बाग तर वर्षभर लावायची असते. आराखडा चुकतो तो बहुधा इथेच. आपण जागा फुटांत मोजतो. झाड मात्र उन्हाच्या तासांवर जगते.

दिंडोरीतल्या एका ओळखीच्या घरातून असाच एक फोटो आला होता. एप्रिलच्या मध्यातला, दुपारचा. घराचे तोंड दक्षिणेला रस्त्याकडे, परस मागे उत्तरेला. पूर्व-पश्चिम 24 फूट, दक्षिणोत्तर 16 फूट. घराची मागची भिंत कठड्यासकट 12 फूट. पश्चिमेला शेजाऱ्यांचा आंबा, उत्तरेला पाच फुटी कुंपणभिंत, पूर्वेला मोकळी जागा. फोटोत भिंतीच्या पायाशी जेमतेम दोन फुटांची सावली होती, बाकी सारे परस उन्हात न्हालेले. घरच्यांचे म्हणणे असे की टोमॅटो, वांगी मधल्या जागेत लावू, म्हणजे स्वयंपाकघरातून जवळ पडतील.

फोटो खरा होता, पण तो एप्रिलचा होता. दिंडोरी साधारण 20 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीकडे इथे सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर किंचित उत्तरेकडे सरकतो. तेव्हा घराच्या मागच्या बाजूलाही दिवसभर ऊन असते. हिवाळ्यात चित्र पालटते. 21-22 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 46 अंशच वर असतो, आणि सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी हीच सावली उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक असते. म्हणजे 12 फुटी भिंतीची सावली एप्रिलमध्ये दोन फूट, विषुवदिनी साडेचार फूट आणि डिसेंबरात साडेअकरा फुटांच्या आसपास. सोळा फुटांच्या परसात माध्यान्हीच्या उन्हाला साडेचार फुटांची पट्टी उरते. आणि टोमॅटो, वांगी, घेवडा, मेथी हा आपल्याकडचा भाजीचा मुख्य हंगाम नेमका हिवाळ्याचाच. फोटो जिथे सर्वांत उदार दिसतो, तिथेच तो सर्वांत कमी सांगतो.

म्हणून कागदावर झाडे काढण्याआधी मी सावलीच्या रेघा काढते. पहिली डिसेंबरच्या माध्यान्हीची. माध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसते. दिंडोरीत ती साडेबारा वाजून गेल्यावर येते. दुसरी रेघ सकाळी नवाची. त्या वेळी डिसेंबरातला सूर्य आग्नेयेला असतो आणि घराची सावली वायव्येकडे लांबच लांब पसरते, पण पूर्वेची बाजू मोकळी असल्याने घराच्या कोपऱ्याला बगल देऊन ऊन परसाच्या ईशान्येकडे शिरते. हा तिरकस तुकडा फोटोत कधीच ओळखू येत नाही, आणि या परसाची सारी दौलत त्यातच आहे.

फोटोवरून अंतरे काढण्याचीही एक अडचण असते. मोबाइल जवळचा कोपरा फुगवतो आणि लांबची भिंत आक्रसून टाकतो. म्हणून फोटोत दाराची चौकट यावी, तिची उंची टेपने मोजून कळवावी, चारही बाजू आणि एक कर्ण मोजावा. कर्ण नसला की काटकोन धरून काढलेला वाफा जमिनीवर वाकडा बसतो. उत्तर दिशा अंदाजाने सांगू नये. मोबाइलमधल्या होकायंत्राने, लोखंडी फाटकापासून लांब उभे राहून पाहावी.

मग वाफे ठरले. घरालगत तीन फूट फरशी आणि मोरीच्या पाण्याची वाट. त्यापुढे तीन फुटांचा वाफा अळू, हळद आणि पुदिन्याला. हिवाळ्यातल्या सावलीची ही मंडळी फारशी कुरकुर करत नाहीत. दीड फूट पायवाट सोडून मधला चार फुटांचा वाफा, कारण दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. पुन्हा दीड फूट वाट आणि उत्तरेच्या भिंतीलगत तीन फुटांची पट्टी. हे झाले सोळा फूट.

टोमॅटो, वांगी, मिरची गेली त्या उत्तरेच्या पट्टीत, पूर्वेकडच्या दोन तृतीयांश भागात. तिथे डिसेंबरातही सहा तासांच्या आसपास ऊन मिळते, आणि फळभाजीला त्याहून कमी चालत नाही. पश्चिमेकडचा उरलेला भाग आंब्याची सावली दुपारनंतर गिळते, त्याची मुळेही पाणी ओढतात. तिथे खताचा खड्डा. उत्तरेच्या भिंतीला आतून पांढरा चुना द्यायला सांगितले, कारण दक्षिणेकडून आलेला उजेड ती रोपांवर परत टाकते. घेवड्याची तार याच भिंतीवर.

मधल्या वाफ्याचे दोन नकाशे काढावे लागले, आणि एकाच जागेला दोन नकाशे देताना लोक बिचकतात. जून ते ऑक्टोबर तिथे भरपूर ऊन, म्हणून भेंडी आणि गवार. ऑक्टोबरच्या अखेरीपासून माध्यान्हीची सावली वाफ्यात शिरते ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्या काळात पूर्वेकडच्या टोकाला अकराच्या सुमारापर्यंतचे कोवळे ऊन मिळते. मेथी, पालक, कोथिंबिरीला ते पुरते. एप्रिल-मेत उलटे होते. भर उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, तेव्हा आंब्याची हिवाळ्यात नडणारी सावली उपयोगी पडते आणि कोथिंबीर मधल्या वाफ्याच्या पश्चिम टोकाला जाते.

सावलीचा हिशोब चुकला तर झाड स्वतः सांगते. पेरे लांबतात, पाने मोठी पण पातळ व फिकट होतात, रोप उजेडाकडे कलते. टोमॅटोला फुले येतात आणि गळतात. लोक मग खत वाढवतात, पण नत्र मिळून रोप आणखी लांबते. त्या जागी हवे असते ऊन, आणि ते गोणीत मिळत नाही.

हे दिंडोरीकरांना सांगावे लागावे याचे मला नवल वाटते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवर किती ऊन पडले यावर पुढच्या हंगामातले घड ठरतात, हे इथला द्राक्षबागायतदार जाणतो आणि दाट फुटवा विरळून उजेड आत घेतो. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवारातून त्यांनी महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतकऱ्यांना पान किती ऊन कमावते या दृष्टीने शेतीकडे पाहायला लावले. ती नजर मळ्यात रुजली. परस मात्र घरच्या बायकांचे, उरलेल्या जागेचे आणि उरलेल्या पाण्याचे राहिले, म्हणून तिथे कुणी उन्हाचा हिशोब मांडला नाही. माझ्या मते परसबागा रिकाम्या पडण्यामागे आळसापेक्षा या दुर्लक्षाचा हात मोठा आहे.

तुमच्याकडेही असे परस असेल तर आत्ताच वाफे खणू नका. येत्या 21 डिसेंबरच्या आसपास नऊ, साडेबारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेने चुन्याची फक्की टाका, तिन्ही वेळा एकाच कोपऱ्यातून फोटो घ्या, आणि मगच कागद पुढे ओढा.