सर्वश्रुत आणि सर्वमान्य

पट्टीश्वरम् येथील धेनुपुरीश्वर मंदिरातली दुर्गेची मूर्ती पूर्वी पळैयारै येथील चोळांच्या राजवाड्यात होती, ही गोष्ट त्या परिसरात सर्वश्रुत आहे. परंतु जे सर्वश्रुत ते सर्वमान्यच असते असे नाही. राजराजानंतर राजेंद्र चोळ गादीवर आला, या विधानाला आधार द्यावा लागत नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक ग्रंथांत ते निर्विवादपणे आढळते. मूर्तीच्या स्थलांतराचे तसे नाही. दहा पुस्तकांनी ते सांगितले, पण ती एकमेकांवरून उतरवलेली असतील, तर साक्षीदार एकच उरतो. तेथे शिलालेखासारखा पुरावा दाखवावा. तो नसल्यास ‘स्थानिक परंपरेनुसार’ असे म्हणून ती परंपरा कोठे नोंदली गेली आहे, तेही सांगावे.

विज्ञानातही भेद हाच. ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक आहे, हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान. मात्र अमुक मूर्तीचा दगड अमुक खाणीतला, हा कोणा एका अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष असतो आणि त्याचा निर्देश नसेल तर वाचकाला तो पडताळता येत नाही. म्हणून विधान किती जणांना ठाऊक आहे, यापेक्षा शंका आल्यास वाचकाने कोठे जावे, हे आधी पाहावे.