आठ की तीन

इशिहारांच्या पुस्तकातलं पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं. रंगीत ठिपक्यांच्या गोलात १२ हा आकडा असतो आणि काय करायचं आहे ते समोरच्याला कळावं, एवढ्यासाठीच ते पान असतं. तपासणी सुरू होते दुसऱ्या पानापासून. तिथं बहुतेकांना ८ दिसतो. गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर बसलेला एकवीस वर्षांचा मुलगा त्या पानाकडे बघून म्हणाला, “तीन.”

तो अडखळला असता तर मला एवढं लागलं नसतं. त्यानं ठामपणे सांगितलं होतं. २९ च्या पानावर तो ‘सत्तर’ म्हणाला, ७४ च्या पानावर ‘एकवीस’. पुढे एका पानावर मला नुसते ठिपके दिसतात, आकडा असा कुठलाच नाही. तिथं त्यानं ‘पंचेचाळीस’ वाचलं आणि ते अगदी बरोबर होतं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये ही पानं काढली ती अशीच. ठिपक्यांचा फिका-गडदपणा मुद्दाम मिसळून टाकलेला, म्हणजे आकडा फक्त रंगावरून ओळखावा लागतो. लाल-हिरव्यातला फरक ज्याच्या डोळ्याला पुसट दिसतो, त्याला त्याच ठिपक्यांतून दुसरा आकडा वर आलेला दिसतो. तो मुलगा चुकत नव्हता. त्याला दिसत होतं तेच तो सांगत होता.

आयटीआयला इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं, मग रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची तयारी, लेखी परीक्षा पास, आणि वैद्यकीय तपासणीत नापास. तिथं काही गफलत झाली असेल या आशेनं तो माझ्याकडे आला होता. मी त्याला खिडकीपाशी बसवलं होतं, कारण ही पानं दिवसाच्या उजेडातच बघायची असतात. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलतात. पुस्तक डोळ्यांपासून पाऊण मीटरवर आणि एका पानाला तीन सेकंद. सगळं नीट करूनही उत्तरं तीच आली.

मी विचारलं, “आयटीआयमध्ये वायरी कशा ओळखायचास?” म्हणाला, “टेस्टर लावून, सर. प्रत्येक वायरीला.” लाल म्हणजे फेज, हिरवी म्हणजे अर्थिंग, हे त्याला पाठ होतं, पण हातातली वायर लाल की हिरवी याची खात्री नसायची. त्याच्या मास्तरांना वाटायचं, पोरगा सावध आहे. लहानपणी आई परसातले पिकलेले टोमॅटो तोडून आण म्हणायची, तर हा प्रत्येक टोमॅटो दाबून बघायचा. खडूच्या पेटीत तपकिरी आणि हिरवा तो कागदावरचं नाव वाचून निवडायचा. कागद फाटला की झाडाचं खोड हिरवं व्हायचं आणि शिक्षक म्हणायचे, लक्ष नाही. अशा मुलाला आपल्याला काही वेगळं दिसतंय हे कळायला मार्गच नसतो. जग त्याला पहिल्यापासून असंच दिसत आलेलं असतं.

त्याच्याबरोबर त्याचा मामा आला होता, मागच्या बाकावर बसलेला. मी ७४ चं पान पुन्हा उघडलं तेव्हा तो मागून म्हणाला, “एकवीसच आहे की ओ, साहेब.”

‘पोरगा मामावर गेलाय’ असं आपण नाका-डोळ्यांवरून म्हणतो. इथं ते अक्षरशः खरं होतं. लाल आणि हिरवा रंग ओळखणाऱ्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, बापाकडून वाय. आईकडे एक्सची जोडी असल्यामुळे त्यातला एक सदोष असला तरी दुसरा सहसा सांभाळून घेतो, म्हणून तिला स्वतःला रंग व्यवस्थित दिसतात. मुलाकडे एकच एक्स. तो सदोष आला की सांभाळायला दुसरा नाही. अशा आईच्या प्रत्येक मुलाला हा दोष येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मी विचारायचं ते मामाचं आणि आईच्या वडिलांचं. मुलाच्या बाबतीत बापाच्या डोळ्यांचा इथं संबंध नाही. हे समजावताना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, की यात आईनं काही केलेलं नाही आणि गरोदरपणात काही चुकलेलं नाही. नाहीतर घरी जाऊन बोलणी तीच खाते.

मामानं सगळा जन्म ट्रॅक्टर चालवला होता. त्याचं काही अडलं नाही, कारण रस्त्यावरच्या सिग्नलला लाल दिवा वर असतो आणि जागेवरून कळतो. २०२० पासून सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवानाही मिळू शकतो. तो दोष किती, हे इशिहाराच्या पानांवरून नीट सांगता येत नाही. त्यासाठी पंधरा रंगीत चकत्या क्रमानं लावायची फार्न्सवर्थची चाचणी आहे. रेल्वेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रात्री, पावसात, लांबवर एकच ठिपका दिसतो आणि गाडी थांबवायला मोठं अंतर लागतं. म्हणून चालकाच्या पदाला ए-१ हा सर्वांत कडक दर्जा आहे. काही मुलं पानं पाठ करून जातात, काही रंगीत लेन्स लावायचा विचार करतात. पण अंधाऱ्या खोलीत दिव्याचे रंग ओळखायला लावतात तेव्हा पाठांतर संपतं, आणि लेन्सनं फक्त छटांतला फरक वाढतो, डोळा बदलत नाही. हा नियम मला योग्य वाटतो. त्या गाडीत माणसं असतात.

सगळेच नियम असे नसतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला याच दोषामुळे प्रवेश नाकारला गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. कुठला तुकडा कुठं जोडायचा हे ठरवायला लाल-हिरवं लागत नाही.

त्या दिवशी मी माझ्यासमोरच्या मुलापुढे रेल्वेभरतीची जाहिरात ठेवली. पदापुढे वैद्यकीय दर्जा छापलेला असतो. सी-१ ची पदं रंगदृष्टी मागत नाहीत. त्यानं ती ओळ बोट ठेवून वाचली आणि विचारलं, “हे अर्ज भरायच्या आधीच लिहिलेलं होतं?” होतं. पण आपला डोळा असा आहे हे त्याला माहीत असतं तरच त्या ओळीचा उपयोग. हा जन्मजात दोष वयानं कमी होत नाही, वाढतही नाही. दहाव्या वर्षी हेच पान दाखवलं असतं, तर त्यानं तेव्हाही हेच उत्तर दिलं असतं.

पुढच्या सोमवारी तो परत आला, पाचवीतल्या धाकट्या भावाला घेऊन. मी त्या पोराला खिडकीपाशी बसवलं. १२ त्यानं झटकन वाचला. मी पान उलटलं.

“तीन,” तो म्हणाला. मोठ्या भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, “सर, याला ती सी-१ ची ओळ आत्ताच लिहून द्या.”