तिथीने की तारखेने?

जवळच्या मित्राचा वाढदिवस विसरल्यावर खरं सांगावं की बरं सांगावं, हा प्रश्न बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात नव्हता. हिशेबात चूक निघाली तर दुरुस्तीची नोंद कशी घालायची, एवढं आम्हांला शिकवलं. पण सात तारखेची शुभेच्छा पंधरा तारखेला कुठल्या खात्यात घालायची? पूर्वी निदान विसरण्याला थोडी प्रतिष्ठा होती. आता खिशातला मोबाईलच सकाळी तारीख ओरडून सांगतो, त्यामुळे विसरायलाही अंगी कर्तबगारी लागते.

ती आमच्या हेड कॅशियरांनी दाखवली. शाळेपासूनचा मित्र, त्याचा सत्तावन्नावा वाढदिवस, आणि आठ दिवसांनी हे नोटा मोजता मोजता एकदम थांबले. कॅशियर बंडलाच्या मध्येच थांबला म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"अहो, मी तिथीने धरतो म्हणून सांगितलं तर?" त्यांनी मला विचारलं.

ही पळवाट म्हणजे आपली वडिलोपार्जित इस्टेट. चांद्रवर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यात मध्येच अधिक महिना येऊन भर घालतो. त्यामुळे तिथी तारखेच्या पुढेमागे कुठेही सापडू शकते, आणि विसराळू माणसाला भरपूर मैदान मिळतं. पण या मैदानात एक खड्डा आहे. दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. फरक पडला तर एखाद्या दिवसाचा. म्हणजे एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवशी! ही थाप ज्या मोजक्या वाढदिवशी चालत नाही, त्यांतलाच एक साहेबांनी विसरण्यासाठी निवडला होता. शिवाय मित्राच्या भिंतीवर कालनिर्णय.

बरं, थाप पचली असती असं धरू. मग ऑडिट होतं, पाहुणे होते, नेटवर्क नव्हतं, हेही पचेल. पण माझी अडचण वेगळीच आहे. कारण सांगितलं की मित्राला आपल्या वरचा नंबर कोणाचा, ते कळतं. 'ऑडिटमुळे राहिलं' म्हणजे तू ऑडिटच्या खाली. नुसतं 'विसरलो' म्हटलं तर त्याच्या वर कोणी बसत नाही. घरात खरोखरच कोणी दवाखान्यात असेल तर गोष्ट निराळी. पण जवळच्या मित्राला ते आधीच कळलेलं असायचं.

हे 'विसरलो' एकदाच म्हणावं, समोर बसून म्हणावं. ग्रुपवर टाकलं तर ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांनाही बातमी लागते. आणि चारदा माफी मागितली तर मित्रालाच 'अरे, असू दे रे' करत बसावं लागतं. वाढदिवस त्याचा आणि समजूत तुमची!

राहिली भेट. साहेबांनी बावीसशे रुपयांचं भिंतीवरचं घड्याळ पाहून ठेवलं होतं. तारीख विसरणाऱ्याने घड्याळ द्यावं, यातला विनोद मी सोडून देतो. पण मागच्या वर्षी या मित्राला त्यांनी दीडशेचं पाकीट दिलं होतं. यंदा एकदम बावीसशे म्हणजे भेट नव्हे, दंड. आणि दंड घेतला की प्रकरण मिटवल्याची पावती द्यावी लागते. शिवाय पुढच्या वर्षी तो बिचारा तेवढ्याच किमतीचं काहीतरी शोधत फिरणार.

"त्यांच्याकडे काय मोडलंय?" मी विचारलं.

बराच वेळ विचार करून साहेब म्हणाले, "कॅरमचा स्ट्रायकर. कडेला टवका उडालाय. सरळ मारला तरी वाकडा जातो."

याला म्हणतात भेट. टवका उडालाय हे कोणत्याही दुकानदाराला माहीत नव्हतं, वर्षानुवर्षं समोर बसून हरणाऱ्यालाच माहीत होतं. नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. साहेबांनी तो बँकेसमोरच्या सराफाकडे तोलून घेतला, कारण तोलल्याशिवाय काही घ्यायचं नाही हा स्वभाव. आणि स्ट्रायकर एकट्याने वापरता येत नाही, हाही त्याचा एक गुण.

रविवारी साहेब गेले, म्हणाले, "विसरलो रे." मित्र म्हणाला, "अरे, माझ्या तरी कुठे लक्षात होतं!"

आता ही थाप. पुढ्यात चहाबरोबर पेढे आले, ते आठ दिवसांचे, कडक झालेले, आणि खोक्यावर उरलेली रिबिनही तशीच. साहेबांनी खरं सांगितलं आणि मित्र खोटं बोलला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पेढा खाल्ला. दात दुखतोय अजून. बोरिक पावडर संपली होती, ती मी खाली जाऊन आणली. तीन गेम हरलो."