एका उधारीच्या दोन बाजू

सोलापुरात कितीतरी घरांतील स्त्रिया विड्या वळून संसार चालवतात. म्हणून रविवारच्या दर्समध्ये मुलांपुढे एक काल्पनिक प्रसंग ठेवला. विडी वळणाऱ्या एका विधवेकडे किराणा दुकानदाराचे 4,200 रुपये थकले आहेत. दुकानदाराला शुक्रवारी मुलाची शाळेची फी भरायची आहे. त्याने पैसे मागावेत काय?

चार-पाच मुलांचे गट केले. आधी प्रत्येकाने आपला निर्णय मुकाट्याने लिहायचा. नाहीतर पहिल्या बोलक्या मुलाचे मत सर्वांचे मत होते. बहुतेकांनी लिहिले, ‘माफ करावे.’ उत्तर सुंदर होते, पण अर्ध्या मिनिटात आले होते, आणि त्यात माफीची किंमत देणारा दुकानदार कुणालाच दिसला नव्हता. अशा पाठ्य उत्तरावर शिक्षकाने खूश होऊ नये.

मग हजरत दाऊद (अ.) यांच्यापुढे आलेल्या त्या दोन भावांचा वृत्तांत सांगितला: एकाच्या नव्व्याण्णव मेंढ्या, दुसऱ्याची एकच. सूरह सॉदमध्ये तक्रारदाराच्या म्हणण्यावर निकाल येतो, दुसऱ्या पक्षाचा शब्दही येत नाही, आणि लगेच हजरत दाऊद (अ.) क्षमायाचना करतात. दुसरी बाजू न ऐकता निर्णय दिला, हीच ती चूक, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. दया आली तरी चौकशी सुटत नाही.

दुसऱ्या फेरीत भूमिका बदलल्या. नियम एकच: उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की तो म्हणेल, ‘होय, हेच मला म्हणायचे होते.’ येथे बरीच मुले अडतात. आणि अडली की समजावे, आतापर्यंत सहानुभूतीचे केवळ शब्द होते. ‘दुकानदार’ झालेला मुलगा म्हणाला, “मला घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे आहेत.” त्यावर ‘विधवा’ झालेल्या मुलाने प्रथमच विचारले, “मी दर आठवड्याला दोनशे दिले तर?” हिशेब केला, एकवीस आठवडे लागत होते.

मग सूरह बकराची 280 वी आयत काढली. कर्जदार अडचणीत असेल तर सवड द्यावी, ही आज्ञा. सदका म्हणून सोडून देणे अधिक उत्तम, पण ते देणाऱ्याच्या खुशीचे. ऐपत असूनही टाळाटाळ करणे हा जुलूम, असे हदीसमध्ये आहे. तेव्हा प्रश्न ऐपतीचा ठरला, आणि तो पहिल्या फेरीत कुणीच विचारला नव्हता.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. एक मुलगी दोन्ही फेऱ्यांत गप्प राहिली. नंतर कळले, तिच्या घरीही अशीच उधारी होती. आता गट करण्यापूर्वी मी त्या मुलांच्या घरची परिस्थिती आठवून पाहतो, आणि प्रसंग कुणाच्या उंबऱ्याशी जुळत असेल तर बदलतो.