ठरलेलं मेलमध्ये उतरवताना

ऑक्टोबर २००७ मध्ये ट्रायमेक्स या व्यापारी कंपनीने वेदांता अ‍ॅल्युमिनियमला ऑस्ट्रेलियातून बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ईमेलने पाठवला. मेलमागून मेल गेले, भावावर घासाघीस झाली आणि दुसऱ्याच दिवशी वेदांताकडून पाच जहाजांचा व्यवहार पक्का असल्याचं उत्तर आलं. त्या भरवशावर ट्रायमेक्सने जहाजाचा करार केला. रीतसर करारनाम्याचा मसुदा मात्र अजून इकडून तिकडे फिरत होता. त्यावर सह्या होण्याआधीच वेदांताने माल थांबवायला सांगितलं आणि पुढे भूमिका घेतली की, करार झालेलाच नव्हता. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. करार मेलमधूनच पूर्ण झाला होता. पुढे करारनामा तयार व्हायचा होता, एवढ्याने झालेला करार न झालेला ठरत नाही.

या निकालाचा आधार घेऊन ‘मेल आहे ना, मग झालं’ असं अनेकजण म्हणतात. पण ट्रायमेक्स जिंकली ती फक्त मेल होता म्हणून नव्हे. किंमत, परिमाण, मालाचा दर्जा, पोचवण्याची आणि पैसे देण्याची पद्धत अशा महत्त्वाच्या सगळ्या अटी त्या मेलांमध्ये उतरलेल्या होत्या, आणि त्यांना मिळालेला होकार बिनशर्त होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ एवढंच सांगतं की, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला या एकाच कारणाने तो अंमलबजावणीस अपात्र ठरणार नाही. त्यात काय ठरलं, हे सांगणं कायद्याचं काम नाही. ते मेल लिहिणाऱ्याचं आहे.

आपल्याकडची बहुतेक भांडणं मूळ ऑर्डरवरून होत नाहीत, मध्येच तोंडी झालेल्या बदलांवरून होतात. समजा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे १२० रॅकची ऑर्डर आहे. १८ जूनला तो गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जातो. तिथे प्लांट मॅनेजर म्हणतात, उंची एक फुटाने वाढवा. जादा पैशांचंही बोलणं होतं. संध्याकाळी तो मेल टाकतो: ‘सर, आजच्या चर्चेप्रमाणे उंचीत बदल करून काम सुरू करतो. थोडा खर्च वाढेल, तो नंतर बघू.’ उत्तर येतं: ‘ओके.’

बिल लावताना अकाउंट्स विचारतं, हे ५४,००० रुपये कुठून आले? आता तो मेल उघडून बघा. उंची बदलायला होकार मिळाला, एवढं त्यातून दिसतं. किती बदलायची, ते दिसत नाही. पैशांचं तर ठरलेलं नाही असं तो स्वतःच लिहून बसला आहे. ‘आजच्या चर्चेप्रमाणे’ या दोन शब्दांत जे कोंबलं होतं, ते त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक. आणि प्लांट मॅनेजर तोवर नोकरी सोडून गेलेले असतात.

तोच मेल असा लिहिता आला असता:

‘नमस्कार सर, आज १८ जून रोजी आपल्या कारखान्यात झालेल्या बैठकीत (उपस्थित: आपण, आपले स्टोअर्स मॅनेजर आणि मी) २ जूनच्या परचेस ऑर्डर क्र. ११८ बाबत पुढील गोष्टी ठरल्या:

१. रॅकची उंची ७ फुटांऐवजी ८ फूट. सोबत जोडलेल्या ड्रॉइंगप्रमाणे, रिव्हिजन बी.

२. त्यासाठी प्रत्येक रॅकमागे ४५० रुपये जादा, जीएसटी वेगळा. १२० रॅकचे ५४,००० रुपये.

३. ६० रॅक १० जुलैपर्यंत, उरलेले ६० रॅक २५ जुलैपर्यंत.

माल उतरवण्याचा खर्च कोणाचा, हे ठरलेले नाही. आपण कळवणार आहात. ऑर्डरच्या बाकीच्या अटी कायम. नव्या मापाचे कटिंग २१ जूनला सुरू करणार आहे. वरील नोंद बरोबर असल्यास त्याआधी याच मेलला ‘मान्य’ असे उत्तर द्यावे. काही चुकले असल्यास दुरुस्ती कळवावी.’

हा मेल मराठीत लिहिला म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. वजन येतं ते बैठकीला हजर नसलेल्या माणसालाही त्यातून सगळं कळतं म्हणून. ऑर्डरचा नंबर आहे, त्यामुळे बदल कशात झाला ते शोधावं लागत नाही. ‘बाकीच्या अटी कायम’ हे वाक्य नसतं, तर या मेलने मूळ ऑर्डर किती बदलली यावरच वाद घालता आला असता. जे ठरलं नाही ते वेगळं काढल्यामुळे जे ठरलं म्हणून लिहिलंय त्यावरचा विश्वास वाढतो.

मोह आवरायचा तो इथेच. उतरवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, असं चौथं कलम हळूच घालावंसं वाटतं. पण बैठकीत न झालेली गोष्ट ‘ठरली’ म्हणून घुसडली, तर समोरच्याला ती एक नोंद नाकारता येते आणि तिच्यासोबत सगळ्या मेलवर संशय घेता येतो. कोणाच्या प्रस्तावाला होकार देताना तर हे जास्तच सांभाळावं लागतं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ‘मान्य, फक्त अ‍ॅडव्हान्स ३० ऐवजी ४० टक्के’ हा स्वीकार नसतो, तो नवा प्रस्ताव असतो. नवी मागणी करायचीच असेल, तर ती मागणी म्हणूनच, वेगळी लिहावी.

उत्तर आलंच नाही तर? ‘तीन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू’ असं लिहायची पद्धत आहे, पण नुसत्या गप्प राहण्याला होकार समजण्याचा अधिकार आपण एकतर्फी घेऊ शकत नाही. तरीही मेल वाया जात नाही. तो प्रसंगाच्या वेळीच केलेली नोंद म्हणून साक्षीला बळ देतो. शिवाय समोरच्याने पुढे काय केलं, हेही बघितलं जातं: आठ फुटी रॅक कुरबुर न करता उतरवून घेतले, पहिल्या ६० रॅकचं बिल वाढीव दराने चुकवलं, तर त्या वागण्यातून होकार दिसतो. म्हणून कटिंगची तारीख मेलमध्ये घालायची आणि आदल्या दिवशी आठवण करायची. अनेक परचेस ऑर्डरमध्ये एक बारीक अटही असते: परचेस विभागाच्या लेखी मंजुरीशिवाय बदल ग्राह्य नाही. ती असेल तर प्लांट मॅनेजरांचा ‘मान्य’ अपुरा पडू शकतो. मेलची प्रत परचेसला जायला हवी आणि उत्तरही त्यांच्याकडून यायला हवं.

कोर्टात जायची वेळ आलीच, तर मेलचा स्क्रीनशॉट किंवा साधी प्रिंट पुरत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की, मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. त्यामुळे मूळ मेल जोडलेल्या ड्रॉइंगसह मेलबॉक्समध्ये राहू द्यावा. फॉरवर्ड केलेला मजकूर बदलता येतो. मूळ मेल कोणत्या सर्व्हरवरून कधी आला, हे त्याच्या हेडरमध्ये असतं. कर्मचारी सोडून गेला की त्याचं खातं पुसून टाकण्याची घाईही अशीच महागात पडते.

असा मेल पाठवणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं अनेकांना वाटतं, आणि संकोचाने ते ‘ओके सर’वर भागवतात. पण तोंडी बोलण्यातून दोघे प्रामाणिकपणे दोन वेगळ्या गोष्टी समजून उठू शकतात. मॅनेजरांच्या मनात ४५० रुपये जीएसटी धरून असतील, तर ते १९ जूनला उत्तरात लिहितील, आणि दोन मिनिटांच्या फोनवर विषय मिटेल. तेव्हा पत्रा अजून कापलेला नसतो. पुराव्याच्या दृष्टीने लिहिलेल्या मेलचा खरा उपयोग बहुतेक वेळा हाच असतो: मतभेद असेलच, तर तो बिलाच्या दिवशी नाही, कामाआधी बाहेर येतो.