पिन देश सांगते, लेबल व्होल्टेज

धायरीत ज्यांचं मूल परदेशात आहे अशी घरं आता सोसायटीगणिक सापडतात. सुट्टीला आलेल्या लेकीच्या बॅगेतून आईसाठी कॉफी मेकर निघतो, त्याची पिन आपल्या बोर्डात बसत नाही आणि घरात अंदाज सुरू होतात : हा कुठला?

पिन नीट पाहिली तर बरंच कळतं. तीन जाड, चपट्या पिना आणि आत फ्यूज असेल तर ती ब्रिटनची धाटणी, दुबई-सिंगापूरलाही तीच. आपली तीन गोल पिनांची रचनाही मूळची ब्रिटिशच. तिथे १९४७ मध्ये चपट्या पिनांचं नवं मानक आलं, आपण जुनंच चालू ठेवलं. दोन चपट्या पिना एकमेकींकडे कललेल्या असतील तर ऑस्ट्रेलिया किंवा चीन.

दोन चपट्या पिना समांतर असल्या की मात्र घोळ होतो, कारण अमेरिका आणि जपान दोघांचीही ठेवण तीच. एक पिन दुसरीपेक्षा किंचित रुंद असेल, तर बहुधा अमेरिका. दोन्ही सारख्या असल्या तरी जपानच असं म्हणता येत नाही. अमेरिकेतही तशा पिना असतात. मग उपकरण उलटं करून लेबल वाचायचं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ म्हणजे अमेरिका. १०० व्होल्ट आणि ५०-६० हर्ट्झ म्हणजे जपान. तिथे पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची वीज आहे. टोकियोने सुरुवातीला जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्याचा हा परिणाम.

समजा, कॉफी मेकरच्या लेबलवर १२० व्होल्ट, ९०० वॅट लिहिलंय. म्हणजे अमेरिकेत तो साडेसात अँपिअर घेतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून अडॅप्टर आणून तोच आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, चौदा अँपिअरच्या वर. व्होल्टेजही जवळजवळ दुप्पट, प्रवाहही जवळजवळ दुप्पट, म्हणून उष्णता पावणेचार पटींच्या आसपास, सुमारे ३३०० वॅट. कॉइल लाल होते, जळका वास येतो आणि उपकरण कामातून जातं. साधा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यांना अडॅप्टर पुरतो. गरम होणाऱ्या किंवा फिरणाऱ्या वस्तूंवर मात्र बहुधा एकच आकडा असतो. त्यांना व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही वस्तूच्या वॅटपेक्षा मोठा. वर हर्ट्झ त्यानेही बदलत नाहीत. एवढा जड डबा कॉफीसाठी ओट्यावर ठेवण्यापेक्षा इथलाच कॉफी मेकर घेतलेला स्वस्त पडतो. तेव्हा परदेशातून कुणी काही आणणार असेल, तर बॅग भरायच्या आधीच त्या लेबलचा फोटो मागवून घ्या.